ऑनलाइन सातबारा आणि मामलतदार कचेरीची नक्कल: बाना देण्यापूर्वी नेमके काय ताडून पाहावे?

दांडियाबाजारकर:

पाद्रा तालुक्यात आमचे वडिलोपार्जित खाते आहे, त्यामुळे शेतकरी असल्याच्या दाखल्याचा प्रश्न नाही. आमच्या शेताला लागूनच असलेले एक शेत दोन भाऊ विकत आहेत. भाव ठरला आहे आणि येत्या आठवड्यात दहा लाख रुपये बाना, म्हणजे इसारा, देऊन बानाखत करावे असा त्यांचा आग्रह आहे. त्यांनी मला मामलतदार कचेरीच्या ई-धरा केंद्रातून काढलेली गाव नमुना सातची शिक्क्याची नक्कल दिली आहे, ती चार महिन्यांपूर्वीची आहे. मी स्वतः काल रात्री anyror.gujarat.gov.in वरून त्याच शेताचा नमुना सात पाहिला आणि छापून घेतला.

दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचले. खातेदार म्हणून दोघांवरही त्या दोन भावांचीच नावे आहेत, आणि क्षेत्रफळही दोन्हीकडे सारखे, ०-७८-९१, आहे. फरक फक्त एका ठिकाणी आहे: ऑनलाइन उताऱ्यात बोजा आणि इतर हक्कांच्या रकान्यात ४१०२ हा नोंद क्रमांक आहे, तो शिक्क्याच्या नकलेत नाही. त्याशिवाय विक्रेत्यांकडे एक जुना हस्तलिखित सातबारा आहे. त्यावर शेताचा ब्लॉक क्रमांक वेगळा आहे आणि क्षेत्रफळ ०-८१-३४ आहे, म्हणजे आजच्यापेक्षा २४३ चौरस मीटर जास्त. भाव विघ्यावर ठरला असल्याने हा जवळजवळ अडीच गुंठ्यांचा फरक मला सोडून देता येत नाही.

ऑनलाइन उतारा आणि कचेरीची नक्कल यांत फरक असेल तर कोणता कागद खरा धरावा? आणि हा एक क्रमांक सोडता दोन्ही जुळतात, एवढ्यावर बाना द्यावा का?

सयाजीगंज_वाचक:

कचेरीची शिक्क्याची नक्कलच खरी धरावी. ऑनलाइन दिसणारा उतारा फक्त माहितीसाठी असतो असे त्या संकेतस्थळावरच लिहिलेले असते आणि न्यायालयात किंवा बँकेत तो चालत नाही. शिक्क्याच्या नकलेत बोजा नसेल तर बोजा नाही, असे समजायला हरकत नाही. क्षेत्रफळाबद्दल म्हणाल तर आजचा आकडा धरून पैसे द्यावेत, जुन्या कागदाला आता अर्थ नाही.

जुना_दप्तरी:

सयाजीगंज यांचे पहिले वाक्य बरोबर आहे, पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष धोक्याचा आहे. मी अनेक वर्षे ई-धरा केंद्रात काम केले असल्याने जरा सविस्तर लिहितो.

ऑनलाइन दिसणारा नमुना सात आणि कचेरीत छापून मिळणारा नमुना सात हे एकाच संगणकीय दप्तरातून येतात. कचेरीच्या कागदावर सही, शिक्का आणि जबाबदारी असते, तेवढाच फरक. म्हणून हे दोन कागद जुळले याचा अर्थ एवढाच की त्या दोन तारखांच्या मध्ये दप्तरात काही बदललेले नाही. दप्तरात मुळात लिहिले आहे ते खरे आहे का, याचा पुरावा त्या जुळण्यातून मिळत नाही. आणि ते जुळले नाहीत तर आधी छापल्याची तारीख पाहावी. आपली शिक्क्याची नक्कल चार महिन्यांपूर्वीची आहे आणि ४१०२ ही नोंद त्यानंतर पडली असणार. शिक्का त्या दिवसापुरता असतो. तो पुढच्या चार महिन्यांची हमी देत नाही.

४१०२ काय आहे ते संकेतस्थळावर `VF-6 Entry Details` मध्ये गाव निवडून क्रमांक घातला की कळेल. त्यात नोंदीचा प्रकार, तारीख, मजकूर आणि ती प्रमाणित आहे, नामंजूर आहे की तकरारी आहे, हे दिसते.

क्षेत्रफळाचा फरक बहुधा पुनर्मापणीचा आहे. आपल्याकडच्या ज्या गावांचे नवे मापणीदप्तर प्रसिद्ध होऊन लागू झाले, तेथे जुने ब्लॉक क्रमांक जाऊन नवे सर्वे क्रमांक आले आणि क्षेत्रफळेही बदलली. `New Survey No From Old For Promulgated Village` या पर्यायात जुना क्रमांक घालून तो आजच्याच क्रमांकाकडे जातो की नाही हे पाहावे. तसे झाले तर एक काम आवर्जून करावे: चहूबाजूंच्या शेतांचेही जुने आणि नवे क्षेत्रफळ काढावे. या शेताचे २४३ मीटर कमी झाले आणि शेजारच्या एखाद्या क्रमांकात जवळपास तेवढेच वाढले असेल, तर रेघ सरकली आहे, आणि उद्या बांधावर उभे राहून भांडायची वेळ खरेदीदारावर येईल. सगळ्यांचेच थोडेथोडे कमी झाले असेल तर मापणीच्या पद्धतीतला फरक आहे. आपले स्वतःचे शेत लागूनच आहे, म्हणजे एका बाजूचे उत्तर आपल्या घरातच आहे.

पण माझ्या मते या सगळ्यापेक्षा महत्त्वाची ताडणी वेगळीच आहे. नमुना सातच्या डाव्या बाजूला खातेदारांच्या नावांपाशी नोंद क्रमांकांची रांग असते. ते सगळे क्रमांक येथे लिहा. त्यांतल्या जुन्या क्रमांकांचे हस्तलिखित हक्कपत्रक, म्हणजे गाव नमुना सहा, वाचल्याशिवाय बाना देऊ नये.

मांजलपूरवासी:

माझाही हाच प्रश्न आहे. माझ्या सोसायटीतल्या घराचा सातबारा ऑनलाइन सापडतच नाही, सिटी सर्वे क्रमांक घातला तरी माहिती नाही असे येते. विक्रेता म्हणतो प्रॉपर्टी कार्ड पुरेसे आहे. मग मी मामलतदाराकडे जावे का?

जुना_दप्तरी:

आपला प्रश्न वेगळा आहे. शहरातल्या मिळकतीचे प्रॉपर्टी कार्ड सिटी सर्वे कचेरीत असते, ते त्याच संकेतस्थळावर शहरी विभागात पाहता येते, ग्रामीण विभागात नाही. कृपया त्याचा वेगळा धागा काढावा म्हणजे येथला विषय फाटणार नाही.

वाघोडिया_रोड:

जुना_दप्तरी यांनी हस्तलिखिताबद्दल लिहिले त्याला माझ्या सासऱ्यांचे उदाहरण जोडतो. त्यांनी घेतलेल्या शेताच्या संगणकीय नमुना सातवर जमिनीचा प्रकार जुनी शरत असा होता. कचेरीच्या नकलेतही तेच. दस्तऐवज झाला, नोंद पाडायला गेले तेव्हा आक्षेप आला की ही जमीन गणोतियाला, म्हणजे कुळाला, मिळालेली आहे. जुन्या हस्तलिखित पानावर बाजूला लाल शाईने प्र.स.प. अशी तीन अक्षरे होती. ती प्रतिबंधित सत्ता प्रकाराची खूण आहे, म्हणजे नवी शरत. अशी जमीन तेव्हा कलेक्टरांची परवानगी घेऊन आणि प्रीमियम भरूनच विकता येत असे. ती तीन अक्षरे संगणकात चढलीच नव्हती. पैसे देऊन झालेले असल्याने विक्रेत्याला घाई नव्हती, आणि प्रीमियम कोणी भरायचा यावरच वर्ष गेले. त्यामुळे जमिनीच्या प्रकाराच्या रकान्यात काय आहे आणि ते कोणत्या नोंदीने आले, हे अवश्य पाहावे.

दांडियाबाजारकर:

सर्वांचे आभार. जुना_दप्तरी यांनी सांगितल्याप्रमाणे पाहिले, ते क्रमाने लिहितो.

नोंद ४१०२ ही एका सहकारी पतसंस्थेच्या कर्जाच्या बोजाची आहे आणि ती प्रमाणित झालेली आहे. विक्रेत्यांना विचारले तेव्हा त्यांनी कर्ज घेतल्याचे लगेच मान्य केले आणि विक्रीच्या पैशांतून फेडू असे सांगितले. लपवण्याचा हेतू मला वाटला नाही.

जुना ब्लॉक क्रमांक आजच्याच सर्वे क्रमांकाकडे जातो. आमच्या स्वतःच्या शेताचे क्षेत्रफळ जुन्या कागदापेक्षा किंचित कमी आहे. पण पूर्वेकडच्या शेजाऱ्याचे २३० चौरस मीटरच्या आसपास वाढलेले दिसते.

डाव्या बाजूच्या रांगेत ११८७, २०४६, २३१० हे क्रमांक आहेत. संगणकीय सहा नंबरमध्ये यांचा मजकूर येत नाही, म्हणून `Old Scanned VF-6` मधून हस्तलिखित पाने काढली. ११८७ ही १९९४ मधली वारसाईची नोंद आहे: वडील वारल्यावर विधवा आई, दोन मुलगे आणि तीन मुली अशी सहा नावे दाखल झाली. सर्वांत धाकट्या मुलीच्या नावापुढे सगीर, म्हणजे अज्ञान, असे लिहून आईला तिची वाली दाखवले आहे. २०४६ ही १९९९ मधली हक्ककमीची नोंद आहे, तिच्यात दोन मोठ्या बहिणींनी जबाब देऊन आपले नाव कमी केले. २३१० ने आई वारल्यावर तिचे नाव कमी झाले.

सहातून दोन मोठ्या बहिणी आणि आई वजा केल्या तर तीन नावे उरतात. दोन्ही उताऱ्यांवर नावे दोनच आहेत. माझे काही चुकते आहे का?

जुना_दप्तरी:

आपले काही चुकलेले नाही. धाकटी बहीण कोणत्या नोंदीने कमी झाली, हाच प्रश्न आहे. आता `Old Scanned VF-7/12` मधून हस्तलिखित सातबाऱ्याचे शेवटचे पान काढा, साधारण २००३-०४ चे. ई-धरा सुरू होताना त्याच पानांवरून नावे संगणकात चढवली गेली. तेथे तिचे नाव असेल तर ते संगणकात चढवताना राहिले. नसेल तर मधली एखादी नोंद आपल्या नजरेतून सुटली आहे.

दांडियाबाजारकर:

पान मिळाले. मोठ्या भावाचे नाव ठळक आहे, त्याखाली धाकट्या भावाचे. आई आणि मोठ्या बहिणींची नावे कंस करून कमी केलेली आहेत आणि प्रत्येकीपुढे नोंद क्रमांक घातला आहे. धाकट्या बहिणीचे नाव रकान्याच्या अगदी तळाशी, छापील रेघेला चिकटून, बारीक अक्षरांत आहे, आणि पान तेथेच दुमडल्याची घडी स्कॅनमध्ये काळी आली आहे. पण नाव वाचता येते, आणि त्याला कंस नाही.

सयाजीगंज_वाचक:

म्हणजे लेखनिकाच्या हातून एक नाव राहिले. पण वीस वर्षांत तिने हक्क सांगितला नाही, शेत भाऊच कसतात. बारा वर्षे ताबा असला की मालकी होते. शिवाय आज सरकारी दप्तरात तिचे नाव नाही, आणि दप्तर खरे धरायचे असा कायदाच आहे. आपण सद्‌हेतूने घेत आहात, तेव्हा काळजी नसावी.

अलकापुरी_वकील:

यातले प्रत्येक वाक्य अर्धे खरे आहे आणि अशा अर्ध्या खऱ्या वाक्यांवरच लोक पैसे देऊन बसतात, म्हणून स्पष्ट लिहिते.

महसुली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, हे जमीन महसूल संहितेच्या १३५-जे कलमात आहे. पण विरुद्ध सिद्ध करणारा कागद याच दप्तरात पडून आहे आणि तो आपण स्वतः वाचला आहे. सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे की फेरफार नोंद महसूल वसुलीसाठी असते, तिने मालकी येत नाही आणि जातही नाही. संगणकात नाव चढले नाही म्हणून बहिणीचा वडिलांच्या जमिनीतला हिस्सा संपत नाही.

बारा वर्षांच्या ताब्याचा नियम सहहिस्सेदारांत तसा लागत नाही. एका हिस्सेदाराचा ताबा हा सर्वांचा ताबा समजला जातो. तिला उघडपणे हक्क नाकारून बाहेर ठेवले आणि ते तिला कळले होते, असे सिद्ध झाले तरच गोष्ट वेगळी. भाऊ कसतो आणि बहीण सासरी आहे, एवढ्याने ते सिद्ध होत नाही.

आणि सद्‌हेतूबद्दल: काल रात्रीपर्यंत आपल्याला हे माहीत नव्हते, आज माहीत आहे. यापुढे माहीत नव्हते असे आपण म्हणू शकणार नाही.

१९९९ च्या हक्ककमीकडेही मी तितक्याच काळजीने पाहीन. दोन मोठ्या बहिणींनी केवळ तलाट्यापुढे जबाब दिला असेल आणि नोंदणीकृत हक्कत्याग नसेल, तर स्थावर मिळकतीतला हक्क तेवढ्याने सुटला का, यावर वाद होऊ शकतो. मी माझ्या अशिलाला सांगेन की तिन्ही बहिणींची सही घ्यावी. धाकटीची विक्रेती म्हणून, मोठ्या दोघींची संमती देणाऱ्या म्हणून.

वाघोडिया_रोड:

तिन्ही बहिणींची सही मागितली तर विक्रेते सौदाच मोडतील अशी भीती वाटते. आमच्याकडे असेच झाले असते.

दांडियाबाजारकर:

मी आज मोठ्या भावाशी बोललो. हस्तलिखित पानाचा फोटो दाखवला तेव्हा तो बराच वेळ ते पाहत राहिला. धाकटी बहीण भरूचला असते, संबंध चांगले आहेत, पण तिचे नाव दप्तरात होते हे आपल्याला ठाऊकच नव्हते, सगळ्याच बहिणींनी हक्क सोडला असे आपण समजत होतो, असे तो म्हणाला. मला ते खरे वाटते: १९९९ मध्ये ती अज्ञान असल्यामुळे तिचा जबाब घेताच आला नसता, म्हणूनच तलाट्याने तिचे नाव ठेवले असणार. तो बहिणीशी बोलणार आहे. तिने हिस्सा मागितला तर तो रास्तच आहे, असे मी त्याला स्पष्ट सांगितले.

येत्या आठवड्यातला बाना मी थांबवला आहे. आता क्रम काय ठेवावा? आधी दप्तरात तिचे नाव चढवून घ्यावे, की थेट तिला दस्तऐवजात घ्यावे?

जुना_दप्तरी:

माझे मत आधी दप्तर दुरुस्त करण्याचे आहे. विक्रेत्या भावांनी आणि बहिणीने मिळून मामलतदारांकडे क्षतिसुधारणेचा अर्ज द्यावा. त्याला ११८७ आणि २०४६ या नोंदींच्या प्रमाणित नकला आणि हस्तलिखित सातबाऱ्याचे पान जोडावे. या नकला मात्र कचेरीच्या दप्तरखान्यातूनच घ्याव्यात, संकेतस्थळावरचे स्कॅन अर्जाला चालणार नाही. २०४६ ची नक्कल घेताना नोंदीबरोबर बहिणींच्या जबाबाचे कागदही मागावेत. सह्या, अंगठे आणि साक्षीदार तेथे असतात, नोंदीत फक्त सारांश असतो. मग काची, म्हणजे अजून प्रमाणित न झालेली, नोंद पडेल, १३५-डी ची नोटीस निघेल, तीस दिवसांत कोणाचा वांधा आला नाही तर नोंद प्रमाणित होईल आणि नमुना सातवर तिसरे नाव येईल. त्यानंतर जो दस्तऐवज होईल त्यावर आपली नोंद पाडताना कोणी आक्षेप घेणार नाही.

या तीस दिवसांत आणखी एक काम करावे. काची नोंद प्रमाणित होईपर्यंत नमुना सातवरची नावे बदलत नाहीत, त्यामुळे कोणी दुसऱ्याने त्याच शेताची नोंद टाकली असेल तर उताऱ्यावरून ते ओळखू येईलच असे नाही. `Entry List By Month-Year` मध्ये गावाची त्या महिन्याची सगळी नोंदयादी निघते. पैसे देण्याच्या दिवशी सकाळी चालू आणि मागच्या महिन्याची यादी काढून आपला सर्वे क्रमांक त्यात आहे का ते पाहावे, आणि कचेरीची ताजी नक्कलही त्याच दिवशीची घ्यावी.

अलकापुरी_वकील:

जुना_दप्तरी यांच्या क्रमात वेळ जातो आणि मध्येच कोणी वांधा घेतला तर प्रकरण तकरारी होऊन प्रांताकडे जाऊ शकते. बहीण राजी असेल तर मी आधी तिला बानाखतातच सही करायला लावीन आणि बाना तिच्या हिश्शाप्रमाणे तिच्या खात्यात वेगळा द्यायला सांगेन. दप्तराची दुरुस्ती ही अंतिम दस्तऐवजापूर्वीची अट म्हणून बानाखतात लिहावी. पतसंस्थेचे पैसे विक्रेत्यांच्या हातात न देता थेट संस्थेच्या नावाने द्यावेत आणि बोजामुक्तीची नोंद पडणे हीसुद्धा अटच ठेवावी.

जुना_दप्तरी:

बानाखत आधी केल्यास आपले पैसे अडकतात आणि विक्रेत्यांची निकड संपते, हे वाघोडिया_रोड यांच्या उदाहरणातही दिसले. मी तरी आधी दप्तर म्हणेन. पण बहीण स्वतः येऊन सही करणार असेल तर वकीलबाईंचा मार्गही चुकीचा म्हणता येणार नाही.

दांडियाबाजारकर:

बहिणीचे उत्तर आल्यावर ठरवीन. पूर्वेकडच्या शेजाऱ्याच्या २३० मीटरचे काय करावे, हे मात्र अजून राहिले आहे. तो म्हणतो बांध जेथे होता तेथेच आहे.

जुना_दप्तरी:

बांध खरोखर जेथल्या तेथे असेल तर चूक कागदावरच्या रेघेत आहे, जमिनीवर नाही, आणि दुरुस्तीचा अर्ज डी.आय.एल.आर., म्हणजे जिल्हा भूमिअभिलेख निरीक्षकांच्या, कचेरीत जातो. तो आजच्या खातेदारांनी, म्हणजे विक्रेत्यांनी, करायचा असतो. शेजारी लेखी संमती देत असेल तर काम बरेच सोपे होते. निकाल कधी लागेल हे सांगता येत नाही, म्हणून भाव आजच्या ०-७८-९१ वर धरावा आणि दुरुस्तीत क्षेत्र वाढल्यास वाढीव रक्कम त्याच दराने द्यायची, असे कलम बानाखतात घालावे. मापणीच्या दिवशी मात्र दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांसह आपण स्वतः बांधावर हजर असावे.